शिफारसपत्राचा गुळगुळीत मसुदा पुन्हा कसा लिहावा

खालचा मसुदा आधी वाचा. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करणारी एक विद्यार्थिनी संशोधन सहायकाच्या जागेसाठी अर्ज करते आहे. सरांचा वेळ वाचावा म्हणून तिने प्रोजेक्ट गाइडला पत्राचा मसुदा स्वतःच लिहून पाठवला आहे. उदाहरण रचलेलं आहे, पण निवड समितीवर बसलेल्या कुणालाही ते ओळखीचं वाटेल.

> सदर विद्यार्थिनीला मी गेली दोन वर्षे ओळखतो. ती अत्यंत हुशार, मेहनती, प्रामाणिक व जिज्ञासू आहे. तिचा स्वभाव मनमिळाऊ असून ती सर्वांशी मिळूनमिसळून काम करते. तिने आपला प्रोजेक्ट यशस्वीरीत्या पूर्ण केला. तिचे संवादकौशल्य उत्कृष्ट असून तिच्या अंगी नेतृत्वगुण आहेत. दडपणाखालीही ती उत्तम काम करते. आपल्या संस्थेसाठी ती निश्चितच मोलाची ठरेल. तिच्या उज्ज्वल भवितव्यासाठी हार्दिक शुभेच्छा.

यात उघड खोटं काही दिसत नाही. पण विद्यार्थिनीच्या जागी तिच्या वर्गातल्या दुसऱ्या कुणालाही बसवा, जेमतेम एखादा शब्द बदलावा लागेल. मसुदा तपासायची पहिली कसोटी हीच: प्रत्येक वाक्य शेजारच्या बाकावरच्या मुलाला लावून बघायचं. त्याला ते चपखल बसलं, तर ते वाक्य या मुलीबद्दल काहीच सांगत नाही. वरच्या मसुद्यात या चाळणीवर टिकणारी एकच गोष्ट आहे, ‘दोन वर्षे’, आणि तीही अर्धवट. कशाची दोन वर्षे? वर्गात शिकवलं की प्रयोगशाळेत शेजारी उभं राहून काम पाहिलं?

कुणी म्हणेल, स्तुती सर्वसाधारण असली तरी नुकसान काय? नुकसान होतं. तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी 1975मध्ये छापून आलेल्या एका निबंधात याचं नेमकं उदाहरण दिलं आहे. तत्त्वज्ञानाच्या जागेसाठी अर्ज केलेल्या विद्यार्थ्याबद्दल शिक्षक पत्र लिहितो: याचं इंग्रजीवर उत्तम प्रभुत्व आहे आणि तो ट्युटोरियलना नियमित हजर असतो. बस, एवढंच. दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत, तरी वाचणाऱ्याला कळतं की तत्त्वज्ञानात हा गडी कच्चा आहे. शिक्षकाला त्याच्याबद्दल माहिती असायला हवी, त्याने ती द्यायला हवी, तरीही तो देत नाही, म्हणजे देण्यासारखं काही नसावं, असा तर्क वाचणारा आपोआप करतो. ‘मेहनती, मनमिळाऊ, प्रामाणिक’ एवढ्यावर थांबलेलं पत्र असंच वाचलं जातं. गाइडने घाईत सही केली हे समितीला दिसत नाही. गाइडकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, एवढंच दिसतं.

आधी माल गोळा करा

अशा मसुद्यावर बसून शब्द बदलण्यात अर्थ नसतो. ‘अत्यंत हुशार’चं ‘असामान्य बुद्धिमत्तेची’ केलं की पत्र आणखी पोकळ होतं. मसुदा बाजूला ठेवायचा आणि कच्चा माल जमवायचा. तो तीन ठिकाणी असतो: तुमच्या आठवणीत, कागदपत्रांत आणि उमेदवाराकडे.

उमेदवाराला ‘तुझे गुण लिहून पाठव’ असं सांगू नका. कुणीही भिडस्त माणूस त्यावर पुन्हा विशेषणंच पाठवतो. त्यापेक्षा असे प्रश्न विचारा:

- तुझं काम कुठे अडलं होतं, आणि ते कशामुळे अडलंय हे तुला कसं समजलं?
- मी सांगितलेलं नसताना तू स्वतःहून काय केलंस?
- मी कुठे दुरुस्त्या सुचवल्या आणि पुढच्या वेळी तू काय बदललंस?
- ज्या जागेसाठी अर्ज करतेस तिची जाहिरात पाठव.

शेवटचा मुद्दा अनेकजण विसरतात. संशोधन सहायकाला रोज काय करायचं असतं? मोजमापं घ्यायची, नोंदी नीट ठेवायच्या, काही बिनसलं तर लपवून न ठेवता सांगायचं. म्हणजे पत्रात नेतृत्वगुणांची गरजच नाही. मुलीच्या नोंदवहीबद्दल दोन ओळी हव्यात.

आपल्या उदाहरणातल्या मुलीचा प्रोजेक्ट पाण्यातलं लोहाचं प्रमाण मोजण्याचा होता. पद्धत जुनी आणि सगळीकडे वापरली जाणारी आहे. पाण्यात फेनँथ्रोलीन मिसळलं की लोहामुळे नारिंगी-लाल रंग येतो. तो रंग किती गडद आहे हे स्पेक्ट्रोफोटोमीटर या उपकरणावर मोजायचं आणि त्यावरून लोह काढायचं. तिच्याकडून उत्तर आलं ते असं: “सर, मशिनच्या रीडिंगचा घोळ झाला होता ना, ते लिहू का? पण त्यात माझीच रीडिंग चुकली होती, ते बरं दिसणार नाही.”

मसुद्यात ज्याचा मागमूस नव्हता ती गोष्ट ही. आणि ती नेमकी लपवायला निघाली होती.

आता गाइडने तिच्या शब्दावर न जाता तिची लॅब नोटबुक काढावी. त्यात दिसतं ते असं. एकाच नमुन्याची सकाळची आणि दुपारची रीडिंग जुळत नव्हती. तिने नमुने पुन्हापुन्हा मोजत बसण्याऐवजी उपकरणात फक्त ब्लँक, म्हणजे लोह नसलेलं द्रावण, ठेवलं आणि तासभर दर पाच मिनिटांनी आकडा लिहून घेतला. ब्लँकचा आकडा हलायला नको होता, पण पहिली पंचवीसेक मिनिटं तो सरकत राहिला आणि मग स्थिरावला. उपकरणाचा दिवा तापून स्थिर व्हायला वेळ लागतो आणि सकाळी सगळे जण मशिन चालू केल्याकेल्या कामाला लागत होते, हे त्यावरून कळलं. मग तिने जुन्या नोंदी चाळून पहिल्या अर्ध्या तासात मोजलेले नमुने शोधले. चाळीसपैकी अकरा निघाले. आठ नमुन्यांचं पाणी आम्ल घालून टिकवलेलं होतं, ते तिने पुन्हा मोजले. तीन नमुने संपले होते. त्यांचे आकडे अंदाजाने न भरता ते तिने अहवालातून गाळले आणि का गाळले तेही लिहिलं.

एवढं हाती आलं की पत्र अर्धं झालं. पण लिहिण्याआधी मालाचे तीन ढीग करा: स्वतः पाहिलेलं, कागदावर दिसलेलं आणि उमेदवाराने नुसतं सांगितलेलं. तिसऱ्या ढिगातलं पत्रात घेऊ नका. ‘तिने ज्युनियर मुलांना खूप मदत केली’ असं ती म्हणते, पण तुम्ही पाहिलं नसेल तर ते तिच्या स्वतःच्या अर्जात शोभेल, तुमच्या पत्रात नाही. समितीने फोन करून विचारलं तर सांगता येईल तेवढंच पत्रात असावं.

एक निरीक्षण, तीन वेळा लिहून

घटना सापडली म्हणजे ती कागदावर उतरतेच असं नाही. पहिल्या झटक्यात हात पुन्हा विशेषणाकडे जातो:

> एकदा उपकरणात अडचण आली असता तिने ती अत्यंत कौशल्याने सोडवली.

इथे घटना आहे, पण वाचणाऱ्याला दिसत काहीच नाही. कोणती अडचण, कोणतं कौशल्य? निकाल लेखकाने देऊन टाकला आणि पुरावा स्वतःकडेच ठेवला. हे लक्षात आल्यावर लेखक दुसऱ्या टोकाला जातो:

> 510 नॅनोमीटरवर फेनँथ्रोलीन संकुलाचे शोषण मोजताना सिंगल-बीम उपकरणातील दिव्याच्या अस्थिरतेमुळे शून्यरेषेत विचलन होऊन प्रमाणवक्र सदोष येत असल्याचे निष्पन्न झाले.

अचूक आहे, पण यात मुलगी कुठे आहे? ‘निष्पन्न झाले’ म्हणजे कुणी शोधलं? समितीतले सगळे रसायनशास्त्राचे असतीलच असंही नाही. तिसरा प्रयत्न करताना चारच गोष्टी धरायच्या: परिस्थिती काय होती, तिने स्वतः काय केलं, त्याने काय बदललं, आणि हे मला कसं माहीत. तांत्रिक तपशील फक्त तिची कृती समजायला लागेल तेवढा.

> सकाळची आणि दुपारची मोजमापे जुळत नव्हती. नमुने पुन्हा मोजत बसण्याऐवजी तिने उपकरणात लोह नसलेले द्रावण ठेवून तासभर दर पाच मिनिटांनी नोंद घेतली आणि सुरुवातीची सुमारे पंचवीस मिनिटे आकडा सरकत राहतो हे दाखवून दिले. तो तक्ता घेऊनच ती माझ्याकडे आली.

या परिच्छेदात ‘हुशार’ नाही, ‘जिज्ञासू’ नाही. पण दोन्ही गुण वाचणाऱ्याला आपले आपण सापडतात आणि स्वतः काढलेल्या निष्कर्षावर त्याचा जास्त विश्वास बसतो. शेवटचं छोटं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं. ‘मशिन बिघडलंय सर’ म्हणत येणारे पुष्कळ असतात.

मसुद्यातलं एकेक विशेषण हिशेबाला घ्या

आता मूळ मसुद्याकडे परत या आणि प्रत्येक विशेषणाला विचारा, तुझ्यामागे घटना आहे का? ‘जिज्ञासू’ची सोय झाली. ‘प्रामाणिक’मागे गाळलेले तीन नमुने आहेत. त्याहून सबळ पुरावा म्हणजे तिने आधी गाइडला सांगितलेली सरासरी चूक होती हे स्वतःहून येऊन सांगितलं. ‘मेहनती’ स्वतंत्र लिहायची गरज नाही, आठ नमुने पुन्हा मोजले यात ते आलं.

‘उत्कृष्ट संवादकौशल्य’ मात्र खरं नाही. तिच्या अहवालाचा पहिला मसुदा रोजनिशीसारखा होता आणि मुख्य निष्कर्ष शेवटून दुसऱ्या पानावर दडलेला होता. मग हे वाक्य खोडायचं की त्याची उणीव करून लिहायची? माझं मत, उणीव लिहावी, पण तिची दिशा दाखवून. तिसऱ्या मसुद्यात निष्कर्ष पहिल्या परिच्छेदात आला आणि पानं निम्मी झाली. अशी एक खरी, सुधारत गेलेली उणीव पत्रात असली की बाकीच्या स्तुतीवरही विश्वास बसतो. मात्र ती त्या नोकरीच्या गाभ्यातली नसावी. मोजमापाच्या जागेसाठी ‘नोंदी वेंधळ्या असतात’ असं लिहायची वेळ आली, तर प्रश्न पत्राचा राहत नाही, पत्र द्यावं की नाही याचा होतो.

‘मनमिळाऊ’ आणि ‘नेतृत्वगुण’ यांच्यामागे काही सापडलं नाही, म्हणून ते गेले. विशेषण घालवताना अनेकांचा हात आखडतो, मुलीवर अन्याय होतोय असं वाटतं. पण विनापुराव्याचं प्रत्येक विशेषण शेजारच्या पुराव्याची किंमत कमी करतं. ‘नेतृत्व’च्या जागी एक साधी गोष्ट मात्र मिळाली: मशिन चालू करून अर्धा तास थांबा आणि ब्लँक तपासूनच सुरुवात करा, अशी एक पानी सूचना तिने लिहून उपकरणापाशी लावली आणि पुढच्या तुकडीची मुलं तीच वापरतात. ही गाइडने रोज पाहिलेली गोष्ट आहे.

उरली तुलना. ‘सर्वोत्तम विद्यार्थ्यांपैकी एक’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक पत्रात असतं, म्हणून त्याला वजन उरलेलं नाही. तुलना करायची तर कुणाशी आणि कोणत्या बाबतीत ते सांगा. ‘मी मार्गदर्शन केलेल्या एम.एस्सी. विद्यार्थ्यांत नोंदी ठेवण्याच्या बाबतीत ती पहिल्या दोघांत येते’ हे वाक्य मर्यादित आहे आणि म्हणूनच ठाम वाटतं. नोंदींच्या बाबतीत असं लिहिलं याचा अर्थ बाकी सगळ्यात ती पहिल्या दोघांत नाही, हेही वाचणाऱ्याला कळतं, आणि ते कळू द्यावं. असं मनापासून म्हणता येत नसेल तर तुलना टाळलेली बरी.

पुन्हा लिहिलेलं पत्र

> सदर विद्यार्थिनीच्या एम.एस्सी. प्रोजेक्टचा मी मार्गदर्शक होतो. पहिल्या वर्षी मी तिला विश्लेषणात्मक रसायनशास्त्र शिकवले आणि दुसऱ्या वर्षी प्रोजेक्टच्या काळात दर आठवड्याला तिचे काम व नोंदवही पाहिली. पुढील मजकूर त्या आधारावर आहे.
>
> तिचा प्रोजेक्ट पाण्याच्या चाळीस नमुन्यांतील लोहाचे प्रमाण मोजण्याचा होता. काम मध्यावर आले असताना सकाळची आणि दुपारची मोजमापे जुळत नसल्याचे तिच्या लक्षात आले. नमुने पुन्हा मोजत बसण्याऐवजी तिने उपकरणात लोह नसलेले द्रावण ठेवून तासभर दर पाच मिनिटांनी नोंद घेतली आणि सुरुवातीची सुमारे पंचवीस मिनिटे आकडा सरकत राहतो हे दाखवून दिले. तो तक्ता घेऊनच ती माझ्याकडे आली. अशी तपासणी करण्याची सूचना मी दिलेली नव्हती.
>
> त्यानंतर तिने जे केले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. जुन्या नोंदींवरून तिने त्या वेळात मोजलेले अकरा नमुने शोधून काढले. हे शक्य झाले कारण प्रत्येक मोजमापासमोर तिने वेळ लिहिलेली होती. आठ नमुने तिने पुन्हा मोजले. उरलेले तीन संपले होते, ते तिने कारण नोंदवून अहवालातून वगळले. तिने मला आधी सांगितलेली सरासरी यामुळे बदलत होती, हेही तिने स्वतःहून सांगितले. मी मार्गदर्शन केलेल्या एम.एस्सी. विद्यार्थ्यांत नोंदी ठेवण्याच्या बाबतीत ती पहिल्या दोघांत येते.
>
> या अनुभवावरून तिने लिहिलेली एक पानी सूचना आमच्या प्रयोगशाळेत उपकरणापाशी लावलेली आहे व पुढील तुकडीचे विद्यार्थी ती वापरतात.
>
> लेखन ही तिची सुरुवातीची कमजोर बाजू होती. अहवालाचा पहिला मसुदा कामाच्या क्रमाने लिहिलेला असल्याने मुख्य निष्कर्ष शेवटी दडला होता. तिसऱ्या मसुद्यात तो पहिल्या परिच्छेदात आला आणि अहवाल निम्म्यावर आला. मोठा अहवाल लिहिताना सुरुवातीला तिला अजूनही मार्गदर्शन लागेल असे मला वाटते.
>
> आपल्या जाहिरातीतील काम प्रामुख्याने मोजमापे व नोंदींचे आहे. त्यासाठी मी तिची निःसंकोच शिफारस करतो. माझ्याकडे जागा असती तर मी तिला घेतले असते.

मूळ मसुद्याच्या चौपटीहून जास्त मजकूर झाला, तरी एका पानात बसतो. दोन पानांच्या पुढे जाऊ नये. एक घटना विस्ताराने आणि एक-दोन थोडक्यात, एवढं पुरतं. पाच घटना एकेका ओळीत कोंबल्या की पुन्हा यादीच होते.

पुन्हा लिहिताना कुठे घसरायला होतं

सर्वात नेहमीची घसरण म्हणजे गाइडच नायक होतो. ‘मी तिला सुचवले’, ‘माझ्या मार्गदर्शनाखाली’, ‘आमच्या प्रयोगशाळेचा लौकिक’ असं येऊ लागलं की थांबा. पत्रातल्या क्रियापदांचे कर्ते मोजा. पहिला परिच्छेद सोडला तर बहुतेक ठिकाणी ‘ती’ हवी. काम दोघा-तिघांनी मिळून केलं असेल तर तिचा वाटा वेगळा काढा. ‘आमच्या गटाने केले’ या वाक्यातून समितीला काहीच मिळत नाही, आणि सगळं तिच्या नावावर टाकलं तर ते खोटं ठरतं.

दुसरी घसरण सद्भावनेतून होते. घरची परिस्थिती, आजारपण, लग्न, मुलं यांचा उल्लेख ‘तरीही तिने जिद्द सोडली नाही’ म्हणून केला जातो. उमेदवाराने स्पष्ट सांगितल्याशिवाय यातलं काही लिहू नका. ती माहिती तिची आहे, आणि ती वाचून समिती काय अर्थ काढेल हे तुमच्या हातात नाही.

तिसरी सहज लक्षात येत नाही. फ्रान्सेस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेंका यांनी अमेरिकेतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या नेमणुकांसाठी आलेली 300हून अधिक शिफारसपत्रं तपासली आणि निष्कर्ष 2003मध्ये प्रसिद्ध केले. स्त्री उमेदवारांची पत्रं सरासरीने आखूड होती आणि त्यांत कष्टाळूपणावर भर होता, पुरुषांच्या पत्रांत संशोधनाचा उल्लेख जास्त ठळक होता. म्हणून मुलीचं पत्र लिहून झाल्यावर ‘कष्टाळू’, ‘मनमिळाऊ’, ‘नम्र’ असे शब्द शिल्लक आहेत का ते शोधा आणि मुलाबद्दल हेच लिहिलं असतं का ते स्वतःला विचारा.

शेवटचा परिच्छेद एकदा वेगळा वाचा. वर सगळं नेमकं लिहून झाल्यावर खाली ‘उज्ज्वल भवितव्यासाठी हार्दिक शुभेच्छा’ सवयीने परत येते. तिथे स्पष्ट शिफारस हवी, कोणत्या कामासाठी ते हवं आणि पुन्हा बरोबर काम कराल का याचं उत्तर हवं. हे उत्तर नसेल, तर सराईत वाचकाला ते लगेच जाणवतं.

माल सापडलाच नाही तर

कधीकधी नोटबुक चाळून, प्रश्न विचारूनही काही हाती लागत नाही. शंभर मुलांच्या वर्गात ती होती, पेपर चांगले लिहीत होती, इतकंच आठवतं. मग विशेषणांनी जागा भरू नका. तिला सरळ सांगा, ‘माझ्याकडे तुझ्या कामाबद्दल सांगण्यासारखं फार नाही, तुझं काम जवळून पाहिलेल्या कुणाकडून पत्र घेतलंस तर तुझा जास्त फायदा होईल.’ तरीही तिला तुमचंच पत्र हवं असेल तर आखूड आणि खरं लिहा: कोणता विषय, किती मुलांत तिचा कितवा क्रम आणि एखाद्या उत्तरपत्रिकेत लक्षात राहिलेली एक गोष्ट.

पत्र पाठवण्याआधी एक काम उरतं. पत्र गोपनीय असेल तर ते उमेदवाराला दाखवू नका, पण त्यातले आकडे आणि तारखा वेगळ्या कागदावर काढून तिच्याकडून तपासून घ्या: नमुने चाळीसच होते ना, पुन्हा मोजले ते आठ की नऊ, प्रोजेक्ट कोणत्या महिन्यात सुरू झाला. तिच्या अर्जात नऊ आणि तुमच्या पत्रात आठ असेल, तर समितीचा पहिला प्रश्न त्यावरच येईल.